इनपुट-आउटपुट मशीन: एकाच स्टेपवरून नियम कसा ओळखायचा

बँकेच्या परीक्षांची तयारी नव्याने सुरू केलेल्यांसाठी हा लेख आहे. रिझनिंगमध्ये बैठक व्यवस्था आणि नातेसंबंध जमायला लागले, की पुढे 'मशीन इनपुट' येतो. शब्द आणि आकडे मिसळलेली एक ओळ दिलेली असते. एक काल्पनिक यंत्र ती ओळ टप्प्याटप्प्याने नव्याने मांडते आणि त्यामागचा नियम आपण ओळखायचा असतो. माझ्या परीक्षा आता उरकल्या आहेत, पण परळच्या अभ्यासिकेत अजून जाणे-येणे असते. तिथली नवीन मुले एकाच ठिकाणी अडकतात. सगळ्या स्टेप्स छापलेल्या असल्या की त्यांना नियम दिसतो. इनपुट आणि मधलीच एखादी स्टेप दिली, किंवा नुसतीच स्टेप दिली, की हात थांबतो. म्हणून इथे तेवढ्याच भागाबद्दल लिहिते.

उदाहरणांत स्टेशनांची नावे घेतली आहेत. परीक्षेत शब्द इंग्रजी असतात आणि क्रम ए-बी-सी-डीचा लागतो. स्टेशनांची स्पेलिंग इंडिकेटरवर रोज दिसतात, तेव्हा त्यासाठी वेगळे डोके चालवावे लागणार नाही.

जवळ काय हवे

पेन आणि केंद्रावर मिळणारा रफ कागद, बस्स. ओळ स्क्रीनवर असते, तिच्यावर खुणा करता येत नाहीत. त्यामुळे ती कागदावर उतरवावीच लागते, आणि पूर्ण शब्द लिहीत बसलात तर वेळ तिथेच जातो. आयबीपीएस पीओच्या प्रिलिम्समध्ये रिझनिंगच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटे मिळतात. मशीनचा प्रश्न मेन्समध्ये जास्त दिसत असला, तरी हाताचा वेग याच मापाने बसवलेला बरा. शब्दाचे पहिले अक्षर लिहा. दोन शब्द एकाच अक्षराने सुरू होत असतील तर फरक पडेल तितकी अक्षरे लिहा. माहीम, मालाड आणि माटुंगा एकाच ओळीत आले तर `mah`, `mal`, `mat` असे लिहायचे. इथे नुसते `m` लिहिलेत, तर दोन स्टेप्सनंतर कोणते स्टेशन कुठे गेले ते तुमचे तुम्हालाच कळणार नाही.

१. जमलेला भाग आणि उरलेला भाग वेगळे करा

हा प्रश्न बघा. इनपुट दिले आहे आणि फक्त चौथी स्टेप दिली आहे. मधले काहीच नाही.

```
Input:   kurla 38 thane 91 dadar sion 24 67
Step IV: thane 24 sion 38 kurla 91 dadar 67
```

नियम शोधायला लगेच धावू नका. आधी स्टेप चार उजवीकडून वाचा आणि प्रत्येक घटक इनपुटमध्ये कुठे होता ते पाहा. ६७ शेवटी होता, अजूनही शेवटी आहे. त्याच्या आधी दादर, त्याच्या आधी ९१, त्याच्या आधी कुर्ला. आता इनपुटमधून फक्त हे चार घटक वाचा: कुर्ला, ९१, दादर, ६७. क्रम तोच आहे. त्याच्याही आधी ३८ आहे, आणि तो इनपुटमध्ये कुर्ल्यानंतर होता. इथे क्रम मोडला. जिथे मोडला तिथे उभी रेघ मारा.

```
t 24 s 38 | k 91 d 67
```

रेघेच्या डावीकडचे चार घटक यंत्राने उचलून ठेवले आहेत. उजवीकडच्यांना त्याने अजून हात लावलेला नाही. बाकीचे सगळे या रेघेवरून निघते, म्हणून ती मारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. सरकवले की अदलाबदल केली, ते ठरवा

यंत्राच्या दोन चाली नेहमी भेटतात. पहिलीत एक घटक उचलून पुढे ठेवतात आणि मधले सगळे एकेक जागा मागे सरकतात. तिकिटाच्या रांगेत कोणी पुढे घुसला की मागच्यांचे होते तसेच. दुसरीत दोन घटक आपापसात जागा बदलतात आणि बाकीचे जागचे हलत नाहीत.

सगळ्या स्टेप्स छापलेल्या असतील तर पहिल्या स्टेपमध्येच हे दिसते. पण एकच मधली स्टेप हातात असली तरी कळते, आणि ते रेघेच्या उजव्या बाजूने कळते. सरकवण्यात उरलेल्यांचा आपसातला क्रम कधीच बिघडत नाही. अदलाबदलीत तो बहुतेक वेळा बिघडतो, कारण पुढची जागा रिकामी करणारा घटक उडी मारून मागे जाऊन बसतो. वरचेच इनपुट अदलाबदलीच्या यंत्रात घातले असते तर चौथी स्टेप अशी आली असती:

```
Step IV: thane 24 sion 38 dadar kurla 91 67
```

डावीकडचे चार घटक अगदी तेच आहेत. फरक फक्त शेपटात आहे. तिथे दादर कुर्ल्याच्या आधी आला, इनपुटमध्ये तो नंतर होता. मुले डावीकडची सुबक मांडणी बघून खूश होतात आणि शेपटाकडे बघतच नाहीत. मग 'पाचव्या स्टेपमध्ये उजवीकडून तिसरा कोण' असे विचारले की उत्तर चुकते, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो.

आपल्या प्रश्नात शेपटाचा क्रम शाबूत आहे, म्हणजे हे सरकवण्याचे यंत्र.

३. डावीकडच्यांचा नियम वाचा, आणि उचलण्याचा क्रमही तपासा

आता रेघेच्या डावीकडे बघा: ठाणे, २४, सायन, ३८. एक शब्द, एक आकडा, पुन्हा शब्द, पुन्हा आकडा. चार शब्दांत वर्णक्रमाने सगळ्यांत शेवटी येणारा ठाणे, त्याच्या आधीचा सायन. आकड्यांत सर्वांत लहान २४, मग ३८. तर शब्द उलट्या वर्णक्रमाने, आकडे चढत्या क्रमाने, आलटून-पालटून.

इथे एक शंका काढलीच पाहिजे. यंत्राने ठाणे आधी ठेवून २४ त्याच्या शेजारी ठेवले, की प्रत्येक नवीन घटक अगदी डाव्या टोकाला आणून आधीच्यांना आत ढकलले? दुसरी शक्यता खरी असेल तर सर्वांत पहिला उचललेला घटक ३८ ठरतो. पण ३८ सर्वांत लहानही नाही आणि सर्वांत मोठाही नाही, मग यंत्राने सुरुवात त्याच्यापासून का करावी? कारण सापडत नाही, म्हणून ती शक्यता बाद.

शेवटी स्टेपचा क्रमांक जुळवा. चौथी स्टेप आणि जागेवर बसलेले घटकही चार, म्हणजे एका स्टेपला एकच घटक हलतो. रेघेच्या डावीकडे आठ असते तर एका स्टेपला दोन हलत असतील असा संशय घेतला असता. पाच असते तर एखादा घटक आपोआपच जागेवर बसला असावा. तो प्रकार आता येतोच आहे.

४. शेवटची ओळ आधी लिहा, मग स्टेप्स मोजा

नियम कळला की अंतिम मांडणी थेट लिहिता येते. तिला स्टेप्सची गरज नसते.

```
thane 24 sion 38 kurla 67 dadar 91
```

ही ओळ चौथ्या स्टेपच्या बरोबर खाली लिहा आणि डावीकडून एकेक जागा जुळवत चला. पाचव्या जागी कुर्ला हवा, तो तिथे आहेच. त्याच्यासाठी यंत्र स्टेप खर्च करत नाही, थेट सहाव्या जागेकडे जाते.

```
Step V:  thane 24 sion 38 kurla 67 91 dadar
Step VI: thane 24 sion 38 kurla 67 dadar 91
```

सहावी स्टेप शेवटची. दादर सातव्या जागी आला आणि ९१ आपोआप आठव्या जागी गेला.

बहुतेकांचा गुण याच ठिकाणी जातो. चार घटक उरले म्हणून चार स्टेप्स, किंवा शेवटचा आपोआप बसतो म्हणून तीन, असा हिशोब करून मोकळे होतात. खरे उत्तर दोन आहे. मधेच कोण आपसूक बसेल हे आधी सांगता येत नाही, कारण सरकण्याने जागा दर स्टेपला बदलतात. ३८ हलेपर्यंत कुर्ला पाचव्या जागी नव्हता. त्यामुळे मोजायचे असेल तर प्रत्येक ओळ लिहूनच मोजा. पहिल्या अक्षरांत लिहिलेत तर ओळीला फार वेळ लागत नाही.

५. नुसती स्टेप दिली असेल तर: पुढे जा, मागे जाऊ नका

आता इनपुटही नाही. याच यंत्राची, दुसऱ्या कुठल्या तरी इनपुटची दुसरी स्टेप दिली आहे:

```
Step II: vashi 15 mulund 72 bandra 43 parel 58
```

पुढे जायला हे पुरेसे आहे. वाशी आणि १५ जागेवर आहेत, त्यांच्यानंतर रेघ मारा. अंतिम ओळ वाशी, १५, परळ, ४३, मुलुंड, ५८, वांद्रे, ७२ अशी हवी. वांद्र्याचे स्पेलिंग `bandra`, म्हणून तो शब्दांत शेवटी. हे ध्यानात ठेवा, कारण मराठी तोंडाला 'व' आला की हात नकळत वाशीच्या शेजारी जातो.

```
Step III: vashi 15 parel mulund 72 bandra 43 58
Step IV:  vashi 15 parel 43 mulund 72 bandra 58
Step V:   vashi 15 parel 43 mulund 58 72 bandra
Step VI:  vashi 15 parel 43 mulund 58 bandra 72
```

इथेही मुलुंड फुकटात बसला. दुसऱ्या स्टेपनंतर आणखी चार स्टेप्स.

आता प्रश्नाचा दुसरा चेहरा: 'या स्टेपचे मूळ इनपुट कोणते?' चार पर्यायांत चार ओळी आणि पाचवा पर्याय 'ठरवता येणार नाही'. नवखा माणूस इथे उलटे यंत्र चालवायला बसतो आणि त्यातला एखादा पर्याय जुळतोही. खालची ओळ या यंत्रात घातली तर दुसरी स्टेप अगदी वरचीच येते:

```
mulund 15 72 bandra vashi 43 parel 58
```

पण ही ओळ जुळते म्हणून तीच मूळ होती असे सिद्ध होत नाही. दुसऱ्या स्टेपमध्ये यंत्राने १५ उचलून वाशीच्या शेजारी आणला. उचलण्यापूर्वी तो कुठे होता? मुलुंडनंतर, ७२ नंतर, वांद्र्यानंतर, अगदी ५८ च्याही मागे, अशा सहा जागा शक्य आहेत. उरलेले घटक सरकून पोकळी भरतात आणि पोकळी कुठे होती याची खूण राहत नाही. पहिल्या स्टेपमधल्या वाशीचेही तेच, त्याच्यासाठी सात जागा. सहा गुणिले सात, म्हणजे ४२ वेगवेगळी इनपुट हीच दुसरी स्टेप देतात. म्हणून उत्तर 'ठरवता येणार नाही'.

यावरून काही मुले मागे जाण्याचा प्रश्न दिसला की डोळे मिटून तोच पर्याय निवडतात. तेही बरोबर नाही. प्रश्न 'खालीलपैकी कोणते इनपुट असूच शकत नाही?' असा आला तर त्याला पक्के उत्तर असते. रेघेच्या उजवीकडचे मुलुंड, ७२, वांद्रे, ४३, परळ, ५८ हे यंत्राने कधीच उचललेले नाहीत, त्यामुळे मूळ इनपुटमध्येही ते याच क्रमाने होते. पर्यायांत ७२ मुलुंडच्या आधी दिसला की तो पर्याय अशक्य. वाशी मुळातच पहिल्या जागी असलेला पर्यायही अशक्य. तसे असते तर पहिली स्टेप १५ वर खर्च झाली असती आणि दुसऱ्या स्टेपला परळ तिसऱ्या जागी आला असता. दिलेल्या ओळीत तिसऱ्या जागी मुलुंड आहे. हा वाशीचा पर्याय पेपर काढणाऱ्यांना फार आवडत असावा, क्रम बरोबर असल्याने तो चटकन खरा वाटतो.

आणखी एक अपवाद. काही यंत्रे शब्द-आकड्यांची किंमत बघतच नाहीत, फक्त जागा बघतात. उदाहरणार्थ, दर स्टेपला पहिला घटक शेवटी जातो. अशा यंत्रात कोण कुठून आला ते नेहमी ठाऊक असते, म्हणून इनपुट बिनचूक काढता येते. मागे जाता येईल की नाही, हे 'यंत्र किंमत बघून उचलते की जागा बघून' यावर ठरते.

६. दोन्ही टोकांकडून मांडणारे यंत्र

हल्लीच्या पेपरांत हे जास्त दिसते. पद्धत तीच, फक्त रेघा दोन.

```
Input:   parel 46 mulund 83 airoli 17 vashi 59
Step II: mulund airoli parel 46 17 vashi 83 59
```

इनपुटच्या क्रमात राहिलेले घटक या वेळी मध्ये आहेत: परळ, ४६, १७, वाशी. त्यांच्या दोन्ही बाजूंना रेघा मारा. डावीकडे दोन शब्द, उजवीकडे दोन आकडे, आणि स्टेप दुसरी. तेव्हा दर स्टेपला एक शब्द आणि एक आकडा हलतो.

आता तिसऱ्या मुद्द्यातली शंका इथे लावा. डावीकडे मुलुंड आधी आहे, पण वर्णक्रमात पहिला येतो ऐरोली, कारण त्याचे स्पेलिंग `a` ने सुरू होते. पहिल्या स्टेपला ऐरोली टोकाला गेला आणि दुसऱ्या स्टेपला मुलुंडने त्याला आत ढकलले. उजवीकडेही तसेच. ८३ सर्वांत मोठा म्हणून तो आधी गेला, मग ५९ त्याच्या बाहेर येऊन बसला. म्हणजे या यंत्रात नवीन घटक नेहमी टोकाला जातो. शेवटची, चौथी स्टेप अशी येईल:

```
Step IV: vashi parel mulund airoli 83 59 46 17
```

जुन्या सवयीने 'उलटा वर्णक्रम' असा नियम लिहून मोकळे झालात तर अंतिम ओळ बरोबर येईल, पण मधल्या सगळ्या स्टेप्स चुकतील. प्रश्न मात्र मधल्या स्टेप्सवरच येतात.

एखाद्या स्टेपमध्ये इनपुटला नसलेला आकडाच दिसला, तर यंत्र आकड्यांवर बेरीज-वजाबाकीही करते आहे असे समजा. तरीही आधी फक्त शब्दांवरून रेघ मारा आणि चाल ठरवा. आकड्याचे काय झाले ते त्यानंतर बघा, कारण कोणता आकडा कुठून उचलला हे कळल्याशिवाय त्यात काय मिळवले ते शोधणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

७. सरावाला एक

पहिल्या पाच मुद्द्यांतलेच यंत्र, एका इनपुटची तिसरी स्टेप:

```
Step III: wadala 11 sion airoli 64 nerul 29 52
```

आणखी किती स्टेप्स लागतील, पाचवी स्टेप कोणती, आणि दुसरी स्टेप नक्की सांगता येईल का? खालचे वाचण्यापूर्वी कागदावर करून पाहा.

अंतिम ओळ वडाळा, ११, सायन, २९, नेरुळ, ५२, ऐरोली, ६४. चौथ्या स्टेपला २९ पुढे येतो, पाचव्याला नेरुळ, सहाव्याला ५२. तेवढ्यात ऐरोली आणि ६४ दोघेही आपापल्या जागी पोचलेले असतात. म्हणून आणखी तीन स्टेप्स, आणि पाचवी अशी:

```
Step V: wadala 11 sion 29 nerul airoli 64 52
```

दुसरी स्टेप नक्की सांगता येत नाही. तिसऱ्या स्टेपला सायन उचलला गेला, आणि त्याआधी तो ऐरोली, ६४, नेरुळ, २९ किंवा ५२ यांपैकी कुणाच्याही मागे असू शकतो. पर्यायांत यांपैकी एकच ओळ आली आणि प्रश्न 'दुसरी स्टेप कोणती असू शकते' असा असेल, तर मात्र ती ओळच उत्तर. 'होती' विचारले आहे की 'असू शकते', एवढे प्रश्नात नीट वाचा.